शुक्रवारचे दहापैकी दहा: नव्या सिनेमाचा गवगवा कमावलेला की विकतचा, हे कसं ओळखायचं

पुण्यातल्या एका डिजिटल एजन्सीत मी सव्वा वर्ष काम केलं. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, ग्रुपवर एक शीट यायची. त्यात चाळीसेक वाक्यं असायची आणि प्रत्येक वाक्यापुढे कोणत्या अकाउंटवरून, किती वाजता टाकायचं ते लिहिलेलं असायचं. खाली सूचना असायच्या. त्यातली एक मला अजून पाठ आहे: सगळ्यांनी दहा देऊ नका, मधूनमधून नऊ द्या. दुसरी त्याहून हुशार होती: थोडी टीकाही लिहा, म्हणजे खरं वाटतं. त्यामुळे ‘सेकंड हाफ जरा रेंगाळतो, पण क्लायमॅक्सला अंगावर काटा येतो’ हे वाक्य मी सिनेमाचा एक सेकंदही न पाहता लिहिलं.

त्या रविवारी डोंबिवलीची मावशी घरच्या पाच जणांना घेऊन तो सिनेमा बघून आली. तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून दोन हजारांच्या वर गेले. फोनवर म्हणाली, “अगं, सगळे म्हणत होते सेकंड हाफ रेंगाळतो पण क्लायमॅक्स भारी आहे. क्लायमॅक्सपर्यंत तुझे काका घोरत होते.” ‘सगळे’ म्हणजे मी होते, हे तिला अजून माहीत नाही.

ती नोकरी सोडली, पण सवय राहिली. आता कुठल्याही मोठ्या जाहिरातीच्या सिनेमाचं तिकीट काढण्याआधी मी पुढच्या पायऱ्या करते. क्रम ट्रेलरच्या दिवसापासून पहिल्या सोमवारपर्यंत लावला आहे, कारण प्रचाराचा पैसाही त्याच क्रमाने खर्च होतो आणि बहुतेक वेळा रविवारी रात्री संपतो.

काय लागेल

- फोनवर तिकीट बुकिंगचं ॲप, ज्यात खुर्च्यांचा नकाशा दिसतो
- आयएमडीबीचं संकेतस्थळ (लॉग-इन न करताही बघता येतं)
- एक्सवर एक खातं, कारण त्याशिवाय तिथे शोध घेता येत नाही
- कॅल्क्युलेटर
- शुक्रवारपासून सोमवारपर्यंत थांबायची तयारी. ज्यांना पहिल्याच दिवशी पहिला शो बघायचा आहे, त्यांच्यासाठी पायरी 3 पर्यंतचं उपयोगी आहे, पुढचं फारसं नाही.

## 1. ट्रेलरच्या व्ह्यूजकडे बघू नका

‘24 तासांत इतके कोटी व्ह्यूज’ हे पोस्टर आता प्रत्येक सिनेमाचं निघतं. यूट्यूबवर व्हिडिओच जाहिरात म्हणून चालवता येतो. दुसरं काही बघताना मध्येच आलेली जाहिरात तुम्ही तीस सेकंद न वगळता बघितली, तर तो व्ह्यू त्या व्हिडिओच्या खात्यात जमा होतो. म्हणजे भाजी चिरताना फोनला हात लावता आला नाही, तरी तुम्ही ट्रेलरचे ‘प्रेक्षक’ ठरता.

याचं गाजलेलं उदाहरण गाण्याचं आहे. जुलै 2019 मध्ये बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्यासाठी जाहिरातीवर पैसे खर्च केल्याचं त्याने स्वतःही लपवलं नाही, आणि तेव्हाच्या नियमांत त्यात काही गैरही नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने नियम बदलला: संगीताच्या तक्त्यांत आणि 24 तासांच्या विक्रमांत जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत. पण व्हिडिओखाली दिसणारा एकूण आकडा तसाच राहिला. त्यात अजूनही दोन्ही मिसळलेले असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून हा आकडा मी वाचतच नाही. डिसलाइकची संख्याही नोव्हेंबर 2021 पासून दिसत नाही, त्यामुळे ट्रेलरखाली बघण्यासारखं फार काही उरत नाही.

## 2. बोलणाऱ्याने काय घेतलं आहे ते शोधा

पैसे घेऊन केलेली स्तुती बेकायदा नाही, ती लपवणं नियमाबाहेर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी वेगळी सूचना आली. त्यात फक्त रोख पैसे येत नाहीत. फुकट प्रवास, हॉटेलचा मुक्काम, भेटवस्तू हे सगळं ‘संबंध’ म्हणून सांगावं लागतं. ते सहज दिसेल असं आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचं असतं. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता व्यवहारात काय दिसतं ते सांगते. रील अस्सल कोल्हापुरी मराठीत असतं आणि खाली वीस हॅशटॅगच्या गर्दीत सतराव्या क्रमांकावर `#collab` असतं. तो शब्द दिसण्यासाठी ‘अधिक’वर बोट ठेवावं लागतं. त्यामुळे वर्णन नेहमी पूर्ण उघडा. यूट्यूबवर व्हिडिओच्या सुरुवातीचे काही सेकंद कोपऱ्यात `Includes paid promotion` अशी पट्टी येते. ती लगेच जाते, त्यामुळे पुढून बघायला लागलात तर कळतही नाही. छापील पुरवण्यांचं तंत्र जुनं आहे. मुंबईतल्या काही इंग्रजी पुरवण्यांच्या शीर्षकाखाली बारीक टायपात लिहिलेलं असतं की हा मजकूर प्रसिद्धीसाठीचा आहे. वर नटीचा अर्धं पान फोटो असतो, त्यामुळे नजर तिथपर्यंत पोहोचत नाही.

इथे चूक होते ती अशी: ‘लेबल नाही म्हणजे पैसे नाहीत’ असं धरू नका. आमच्याकडच्या छोट्या पेजना सिनेमागणिक पैसे मिळायचे आणि लेबल कोणीच लावत नव्हतं. त्यापेक्षा त्या पेजच्या मागच्या दहा पोस्टी खाली सरकवत बघा. दहाही सिनेमे ‘मास्टरपीस’ असतील, तर अकराव्याला ते काय म्हणतात याला अर्थ नाही. एखादा समीक्षक एका सिनेमावर तुटून पडलेला आणि दुसऱ्यावर खूश झालेला दिसला, तर निदान तो सिनेमे बघतो एवढं तरी कळतं.

## 3. तेच वाक्य दुसरीकडे आहे का बघा

ही माझी आवडती पायरी, कारण हिच्यात मी स्वतः पकडली गेले असते.

कौतुकाच्या पोस्टमधलं एक जरा वेगळं वाक्य निवडा. ‘नक्की बघा’ नको, ते हजारो लोक लिहितात. सात-आठ शब्दांचं, शक्यतो शुद्धलेखनाची चूक असलेलं वाक्य घ्या. शीटवरून उतरवणारा माणूस चूकही उतरवतो. ते अवतरणचिन्हांत घालून एक्सवर शोधा. प्रदर्शनाच्या दिवसापुरतं बघायचं असेल तर तारखा अशा घाला:

```
"जरा रेंगाळतो, पण क्लायमॅक्सला अंगावर काटा येतो" since:2025-08-01 until:2025-08-02
```

तारखा तुमच्या सिनेमाच्या घाला आणि शोधाच्या निकालात ‘ताजे’ हा भाग उघडा. एकच वाक्य पाच-सहा खात्यांवरून आलं असेल तर पुढे फार शोधायची गरज नाही.

वेळही बघा. सकाळी नऊचा पहिला शो आणि पावणेतीन तासांचा सिनेमा असेल, तर मध्यंतर धरून माणूस बाराच्या आसपास बाहेर येतो. साडेदहालाच क्लायमॅक्सचं कौतुक आलं, तर ते कुठून आलं? याला उत्तर असू शकतं. परदेशात आदल्या रात्री शो असतात, आपल्याकडेही कधी पेड प्रीव्ह्यू असतात, पत्रकारांना बुधवारी-गुरुवारी दाखवलेला असतो. पण असा प्रेक्षक सहसा ते सांगतो, ‘काल दुबईत बघितला’ वगैरे. शीटमधला माणूस कुठे बघितला हे कधीच सांगत नाही. आमच्या शीटमध्ये थिएटरचं नाव घालायची सूचना एकदाही आली नाही. एसी बंद होता, शेजारचं पोरगं रडत होतं, तिकीट 180 ला मिळालं, असलं काही आमच्या चाळीस वाक्यांत नसायचं.

## 4. सरासरी नको, मतं कशी विभागली आहेत ते बघा

इथे जरा थांबून वाचा, कारण आयएमडीबीचा आकडा सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो.

तिथे मत द्यायला तिकीट लागत नाही, खातं पुरतं. सिनेमाच्या पानावर रेटिंगच्या आकड्यावर बोट ठेवलं की 1 ते 10 अशा दहा पट्ट्यांचा आलेख उघडतो: कोणत्या गुणाला किती मतं. साध्या, बऱ्या सिनेमाचा आलेख टेकडीसारखा असतो. 6, 7, 8 ला उंची आणि दोन्हीकडे उतार. मोहीम चाललेल्या सिनेमाचा आलेख दोन खांबांसारखा दिसतो. एक उंच खांब 10 वर, दुसरा 1 वर, आणि मधे मैदान.

गणित करून दाखवते. समजा 1000 मतं आहेत. त्यात 10 ला 620, 9 ला 60, 8 ला 50, 7 ला 40, 6 ला 30, 5 ला 20, 4, 3 आणि 2 ला प्रत्येकी 10, आणि 1 ला 150. साधी सरासरी 7.94 येते. पोस्टरवर छापायला झकास! आता दोन्ही टोकं झाका. मधली फक्त 230 मतं उरतात आणि त्यांची सरासरी 6.9 येते. हे 6.9 म्हणजे सिनेमाचं ‘खरं’ रेटिंग नव्हे, कारण मनापासून 10 देणारेही त्यात गेले. पण ज्यांनी 9 की 8, 6 की 5 असा विचार करून आकडा निवडला, त्यांचं म्हणणं त्यातून कळतं. माझ्यासाठी याहून महत्त्वाचं प्रमाण म्हणजे हजारात केवळ 230 लोक मधे आहेत. तीन चतुर्थांशांहून जास्त लोक टोकाला असतील, तर लोक सिनेमाला गुण देत नसून कशाच्या तरी बाजूने किंवा विरुद्ध मत देत आहेत.

हे पैशाशिवायही होतं. मार्च 2022 मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’चं रेटिंग सुरुवातीला 10 पैकी 10 दिसत होतं. मग आयएमडीबीने पानावर सूचना लावली की या शीर्षकावर मतदानाची असाधारण हालचाल दिसली आहे, म्हणून भारांकनाची वेगळी पद्धत वापरली आहे. रेटिंग 8.3 वर आलं. दिग्दर्शकाने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मतं खोटी आहेत किंवा विकत घेतली आहेत असं आयएमडीबी म्हणालं नव्हतं, आणि तसं धरायचं कारणही नाही. भावनेने पेटलेले हजारो लोक एकाच आठवड्यात 10 देतात तेव्हाही आलेखाचा आकार तसाच होतो. तुमचा प्रश्न ‘मला दोन तास आवडेल का’ हा असेल, तर त्याचं उत्तर अशा आकड्यात मिळत नाही, कारण कोणतंही असो.

आलेखानंतर प्रेक्षकांचे लेखी अभिप्राय तारखेप्रमाणे लावा आणि पहिल्या दहा जणांच्या नावांवर बोट ठेवून त्यांनी आधी काय लिहिलं आहे ते बघा. आयुष्यात एकच अभिप्राय, तोही याच सिनेमाला, अशी सात-आठ खाती निघाली तर मी पुढे वाचत नाही.

बुकिंग ॲपवरच्या रेटिंगचा त्रास वेगळा आहे. तिथे काही अभिप्रायांवर तिकीट त्याच ॲपवरून काढल्याची खूण असते. ती असलेले अभिप्राय आधी वाचा. पण तिथला आकडा मुळातच वर झुकलेला असतो. तिकीट विकणाऱ्या दुकानात मालाला शिव्या देणारे कमीच. मराठी सिनेमांची पानं चाळून बघा, 9 च्या वरचे किती मिळतात ते. सगळ्यांनाच 9 मिळत असतील तर 9.4 बघून काय ठरवणार?

## 5. टक्के दिसले की ‘किती जणांचे’ विचारा

समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. अनुकूल लिहिणाऱ्या समीक्षकांचं ते प्रमाण आहे. समीक्षक थोडे असले की ते हलवणं स्वस्त पडतं.

सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या ‘वल्चर’ या संकेतस्थळाने याचं प्रकरण छापलं. ‘ओफेलिया’ या सिनेमाला 13 परीक्षणांवर 46 टक्के होते, म्हणजे 13 पैकी 6 अनुकूल. ‘बंकर 15’ नावाच्या प्रसिद्धी संस्थेने काम घेतल्यावर आणखी 8 परीक्षणं आली, त्यातली 7 अनुकूल. 21 पैकी 13 म्हणजे 62 टक्के. 60 टक्क्यांपासून तिथे सडक्याऐवजी ताज्या टोमॅटोचा शिक्का मिळतो. ती रेघ ओलांडली आणि सडक्या टोमॅटोचा ताजा झाला. वल्चरच्या म्हणण्याप्रमाणे ही संस्था फारशा माहीत नसलेल्या समीक्षकांना परीक्षणामागे 50 डॉलर किंवा जास्त देत होती. बातमीनंतर रॉटन टोमॅटोजने त्या संस्थेचे अनेक सिनेमे यादीतून काढले.

सात परीक्षणांत शिक्का बदलला. म्हणून वीस-पंचवीस परीक्षणांवरचे टक्के दिसले तर मी टक्के सोडून देते आणि त्यातली दोन पूर्ण वाचते, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल.

## 6. सोमवार संध्याकाळचा सीट मॅप

शनिवार-रविवारचा हाऊसफुल दिखाऊ असू शकतो. धंद्यात याला कॉर्पोरेट बुकिंग किंवा ब्लॉक बुकिंग म्हणतात. निर्माता, प्रायोजक किंवा कलाकाराशी जोडलेला एखादा ब्रँड गठ्ठ्याने तिकिटं घेतो. ‘एकावर एक फुकट’ योजनाही त्याच दिवसांत येतात.

नकाशावर हे ओळखायची एक खूण आहे. आपण तिकीट काढताना मागच्या ओळी, मधल्या खुर्च्या आधी घेतो. दोघं, चौघं अशा तुकड्यांत घेतो आणि मधे एखादी खुर्ची सुटते. गठ्ठ्याने घेणाऱ्याला कुठे बसायचं याची पर्वा नसते, त्याला स्वस्त आणि सलग जागा हव्या असतात. गेल्या पावसाळ्यात एका हिंदी सिनेमासाठी मी वहीच ठेवली होती. कल्याणच्या एका मल्टिप्लेक्समध्ये 210 खुर्च्यांचा पडदा, शनिवारी रात्री दहाचा शो. नकाशावर 96 खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या. त्यातल्या 54 पडद्याला खेटून असलेल्या तीन ओळींत, एकही फट न सोडता. मागच्या चांगल्या ओळी अर्ध्या रिकाम्या. मान मोडायची हौस 54 जणांना एकदम कशी झाली, म्हणून मी तिकीट काढून आत गेले. दिवे लागल्यावर मोजलं, पस्तीसेक डोकी होती. पुढच्या तीन ओळींत कोणीच नव्हतं. सोमवारी सातच्या शोला त्याच पडद्यावर 11 खुर्च्या भरलेल्या होत्या.

तुम्हाला एवढं करायची गरज नाही. सोमवारी संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराचे तीन नकाशे उघडा: जवळचं मल्टिप्लेक्स, एखादं जुनं एकपडदा थिएटर आणि दुसऱ्या शहरातलं एक, माझं बहुतेक नाशिक किंवा सांगली असतं. शुक्रवारी त्याच वेळेला जे दिसलं होतं त्याचा फोटो काढून ठेवलेला असू द्या. सोमवारची गर्दी शुक्रवारच्या निम्म्याच्या आसपास टिकली असेल, तर बघून आलेले लोक दुसऱ्यांना सांगत आहेत. पाव झाली असेल तर जाहिरात संपली.

हे घसरतं कुठे: शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी असेल तर तुलना करू नका. काही थिएटरं खिडकीवर विकायच्या जागा ॲपवर अडवून ठेवतात, त्या भरलेल्या दिसतात. आणि गठ्ठ्याचं प्रत्येक बुकिंग खोटं नसतं. ऐतिहासिक मराठी सिनेमाला शाळा अख्खा शो घेते, महिला मंडळ घेतं, नगरसेवक वॉर्डासाठी मोफत खेळ लावतो, परदेशात महाराष्ट्र मंडळ एकुलता एक शो भरवतं. तिथे पुढच्या ओळीही माणसांनी भरलेल्या असतात, आणि मंडळ स्वतःच फोटो टाकतं.

पोस्टरवरच्या कोटींबद्दल एकच सांगते. ‘ग्रॉस’मध्ये करही मोजलेला असतो. 295 रुपयांच्या तिकिटात 18 टक्के जीएसटीचे 45 रुपये असतात, नेट 250 उरतात. दोन सिनेमांची तुलना करताना एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट घेतलेला नाही ना, ते बघा. फॅन लोक हे मुद्दाम करतात.

## 7. उलटी मोहीमही धरा

1 चा खांबही विकतचा किंवा ठरवून उभा केलेला असू शकतो. मल्याळम सिनेमात हा वाद इतका पेटला की ऑक्टोबर 2023 मध्ये कोचीत पोलिसांनी एका दिग्दर्शकाच्या तक्रारीवरून काही परीक्षणकर्त्यांवर गुन्हा नोंदवला, आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयातही चर्चेला आलं. ओळखायच्या पायऱ्या त्याच आहेत: सारखं वाक्य, पहिल्या शोच्या आधीची वेळ, एकच अभिप्राय लिहिलेली खाती. प्रामाणिक नाराज प्रेक्षक कोणता प्रसंग फसला ते सांगतो. मोहिमेतला ‘डिझास्टर’ लिहून निघून जातो.

## 8. तक्रार करायची असेल तर

पोस्ट पुसली जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात खात्याचं नाव, तारीख आणि पूर्ण उघडलेलं वर्णन दिसलं पाहिजे. पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवा. लेबल न लावलेल्या जाहिरातीची तक्रार जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ॲस्कीकडे, त्यांच्या संकेतस्थळावर किंवा 77100 12345 या व्हॉट्सॲप क्रमांकावर करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. पैसे दिल्या-घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे नसणार, त्यामुळे ‘याने पैसे घेतले’ असं लिहू नका. ‘या पोस्टमध्ये जाहिरातीचा उल्लेख दिसत नाही, आणि हेच वाक्य या पाच खात्यांवर आहे’ एवढं लिहा आणि पाचही लिंक जोडा.